६/८ आणि ३/४ : सातवीच्या संगीत कार्यपत्रिकेच्या नोंदी

१८ जून

शाळा सुरू झाली. यंदा सातवीच्या संगीताच्या तासाला पाश्चात्त्य लेखनाची तोंडओळख द्यायची आहे. स्वरांच्या किमती, टाइम सिग्नेचर म्हणजे तालाचे वर-खाली लिहिलेले दोन आकडे, आणि मेजर स्केल एवढंच, दोन पानांत बसेल असं. वेंगुर्ल्याच्या या बाजूला गोवा हाकेच्या अंतरावर आहे. बऱ्याच घरांत कीबोर्ड आलेत आणि मुलं त्यावर गाणी काढायला बघतात, पण समोर छापील स्टाफ, म्हणजे स्वर मांडायच्या आडव्या ओळी, आल्या की थांबतात. दुसरीकडे याच मुलांच्या हातात ठेका लहानपणापासून आहे. गणपतीत टाळ आणि घरोघरच्या आरत्या, भजनाला पखवाज, शिमग्याला ढोल. म्हणजे लय शिकवायची नाही, ती कागदावर कशी लिहितात तेवढं शिकवायचं आहे. कार्यपत्रिकेची सगळी मांडणी याच धोरणाने करणार.

जागा कमी आहे, म्हणून सगळ्या टाइम सिग्नेचर घेणार नाही. ४/४ ओळखीपुरती. खरा भर ३/४ आणि ६/८ या जोडीवर. या दोघींत फरक काय हे ज्याला कळलं, त्याला खालचा आकडा कशासाठी असतो तेही कळतं. बाकीच्या तो स्वतः वाचू शकतो.

२३ जून

पहिला भाग, स्वरांच्या किमती. नावं ब्रिटिश पद्धतीची ठेवली: सेमीब्रेव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर. पुढे कुणी लंडनच्या मंडळांच्या परीक्षांना बसलं तर तीच नावं समोर येतील.

आपल्याकडे मात्रा हे माप आधी ठरतं आणि एका मात्रेत किती स्वर बसवायचे ते मग. इकडे उलट चालतं. सेमीब्रेव्ह हा पूर्ण, त्याचे दोन भाग म्हणजे मिनिम, चार भाग म्हणजे क्रॉचेट, आठ म्हणजे क्वेव्हर, सोळा म्हणजे सेमीक्वेव्हर. टाइम सिग्नेचरमधला खालचा आकडा इथूनच येतो: ४ म्हटलं की क्रॉचेट, ८ म्हटलं की क्वेव्हर. यातला कुठलाही स्वर स्वतःहून किती सेकंदांचा ते सांगत नाही. चिन्हं फक्त आपापसातलं प्रमाण सांगतात, वेग वेगळा लिहावा लागतो. हे वाक्य पत्रिकेत ठळक छापायचं, कारण क्रॉचेट म्हणजे एक सेकंद असं मुलं हमखास धरून बसतात.

टिंबाचा क्रॉचेटही इथेच घ्यायला हवा. स्वराच्या डोक्यापुढचं टिंब त्याची किंमत निम्म्याने वाढवतं. क्रॉचेट दोन क्वेव्हरांचा, तर टिंबाचा क्रॉचेट तीन क्वेव्हरांचा. बहुतेक पुस्तकांत हा विषय शेवटी येतो. पण त्याच्याशिवाय ६/८ समजत नाही, म्हणून तो पहिल्याच पानावर हवा.

१ जुलै

कच्ची प्रत एका तुकडीला दिली. किमतींचे प्रश्न भराभर सुटले. ६/८ पाशी आल्यावर एका मुलीने आकड्यांना दोनने भाग दिला आणि शेजारी स्वच्छ अक्षरात ३/४ लिहिलं. नंतर बघितलं तर अर्ध्याहून जास्त वर्गाने तेच केलेलं. कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नव्हतं, प्रत्येकाने आपापल्या डोक्याने केलं होतं.

कागद जवळ घेऊन पाहिल्यावर कारण दिसलं. तालाची उदाहरणं एकाच ओळीच्या स्टाफवर छापली आहेत. ती ओळ टाइम सिग्नेचरच्या दोन आकड्यांच्या बरोबर मधून जाते. वर ६, मध्ये आडवी रेघ, खाली ८. गणिताच्या वहीत दुसरं काय असतं? पाच ओळींच्या स्टाफवरही मधली ओळ तिथूनच जाते, म्हणून तो बदलूनही उपयोग नाही. त्यात प्रश्नांच्या मजकुरात टाइप करताना आपण तिरकी रेघ देतो, मग तो अपूर्णांकच दिसणार.

टाइम सिग्नेचर लिहिताना मुळात मध्ये रेघ नसते. वरचा आकडा एका बारात, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात, किती ते सांगतो, खालचा कशाचे ते सांगतो. सहा, आणि कशाचे, तर क्वेव्हरांचे.

२ जुलै

मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंना मुलांचे कागद दाखवले.

त्या म्हणाल्या, "सर, सहा अष्टमांश म्हणजे तीन चतुर्थांश हे मीच घोटून घेतलंय त्यांच्याकडून. आता तुम्ही ते चूक म्हणून सांगणार की काय?"

"चूक नाही म्हणणार. दोन्ही बारांची लांबी सारखीच आहे. सहा क्वेव्हर म्हणजे तीन क्रॉचेट, यात वाद नाही."

"मग फरक कुठे?"

टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. सहा ठोके समान, आधी दर दुसऱ्यावर जोर, मग दर तिसऱ्यावर. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे एकूण रक्कम तीच, पण गड्ड्या वेगळ्या बांधल्यात." हे इतकं नेमकं आहे की पत्रिकेत जवळजवळ याच शब्दांत घालतोय. ३/४ मध्ये दोनाच्या तीन गड्ड्या, ६/८ मध्ये तीनाच्या दोन.

बाईंशी बोलून ठरलं की प्रश्न टाळायचा नाही, उलट तोच विचारायचा: "६/८ ला २ ने भागून ३/४ लिहिलं तर कोणती गोष्ट तशीच राहते आणि कोणती बदलते?" दोन ओळी उत्तरासाठी. बारची लांबी तशीच राहते, ठोक्यांची संख्या बदलते. ३/४ मध्ये तीन ठोके, प्रत्येक क्रॉचेटचा. ६/८ मध्ये दोन ठोके, प्रत्येक टिंबाच्या क्रॉचेटचा.

७ जुलै

कान तयार करण्याचा भाग. कागदावर उत्तर बरोबर आलं तरी पायात आलं नाही तर काही उपयोग नाही.

गड्ड्या म्हणायला शब्द हवे होते. तक आणि तकिट हे तबल्याचे बोल आहेतच, पण तबला न शिकलेल्या मुलांसाठी रोजचे शब्दही शोधले. दोनासाठी काजू सरळ बसला. तीनासाठी मुलांनी फणस सुचवला, लिहिताना त्यात तीन अक्षरं आहेत म्हणून. पण आपण बोलताना फ-णस असे दोनच ठोके देतो, त्यामुळे म्हणणारा तिसरा ठोका शोधत राहतो. सुरमईचीही तीच गत, बोलताना सुर-मई होतं. कोळंबी मात्र तोंडातही तीनच राहते, को-ळं-बी. तर "काजू काजू काजू" ही ३/४ आणि "कोळंबी कोळंबी" ही ६/८. शब्द निवडताना अक्षरं मोजू नयेत, म्हणून बघावं.

पद्धत अशी. सगळ्यांनी समान टाळ्या द्यायच्या, त्या क्वेव्हर. शब्द सुरू होतो तिथे पाय आपटायचा. टाळ्यांचा वेग मेट्रोनोमवर मिनिटाला १८० ठेवला. काजू म्हणताना पाय मिनिटाला ९० वेळा पडतो, कारण दोन टाळ्यांमागे एक. कोळंबी म्हणताना ६० वेळा, तीन टाळ्यांमागे एक. टाळ्या तसूभरही बदलत नाहीत आणि तरी कोळंबीवर गेल्यावर सगळं संथ झाल्यासारखं वाटतं. मुलांना हे पटवून द्यावं लागलं नाही. टाळ्या न थांबवता एकातून दुसऱ्यात गेलं की पाय स्वतःहून जागा बदलतो.

चुकतं कुठे ते ओळखायची खूण: कोळंबीवर गेल्यावर टाळ्या घाईत आल्या, तर मूल पायाचा जुना वेग पकडून त्यात तीन टाळ्या कोंबतंय. म्हणजे ते क्वेव्हर धरून नाही, ठोका धरून आहे. तिथे पाय बंद करून नुसत्या टाळ्या पुन्हा सुरू कराव्यात आणि मेट्रोनोम टाळीवर लावावा, पायावर नाही.

१४ जुलै

दिवसभर पाऊस आणि दुपारनंतर वीज गेलेली. संध्याकाळी छपाईचं काम केलं.

लिलीपाँड या संगीत छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर लिहितोय. ३/४ मध्ये सहा क्वेव्हर दिले की तो ते सहाही एकाच बीमने जोडतो. बीम म्हणजे दांड्यांना जोडणारी जाड पट्टी. छपाईच्या रिवाजात ते बरोबरच आहे, छापील संगीतात ३/४ चे सहा क्वेव्हर एका पट्टीखाली सर्रास दिसतात. पण या पत्रिकेत गड्डी डोळ्यांना दिसायलाच हवी, म्हणून बीम हाताने तोडले. चौकटी कंसात आहे तेवढं एका पट्टीखाली येतं:

```
\version "2.24.0"
\new RhythmicStaff {
  \time 3/4
  c'8[ c'] c'[ c'] c'[ c']
  \time 6/8
  c'8[ c' c'] c'[ c' c']
}
```

छापून आल्यावर फरक लांबूनही दिसतो. पहिल्या बारात दोन-दोनाच्या तीन जोड्या, दुसऱ्यात तीन-तीनाच्या दोन.

आकड्यांमधल्या रेघेचा प्रश्न शिल्लक होता. त्यावर कार्ल ऑर्फची एक रीत आहे: खाली आकड्याऐवजी सरळ स्वराचं चिन्हच काढायचं. ३/४ साठी वर ३ आणि खाली क्रॉचेट. ६/८ साठी वर २ आणि खाली टिंबाचा क्रॉचेट. अपूर्णांकाचा भास तिथल्या तिथे संपतो, कारण स्वराच्या चित्राने कुणी भागाकार करत नाही. पत्रिकेच्या पहिल्या पानावर ही रीत, दुसऱ्यावर नेहमीचे आकडे, आणि मध्ये एक प्रश्न: एकातून दुसऱ्यात लिहा. ६/८ च्या आकड्यांत ठोका थेट दिसत नाही, सहाला तीनने भागून तो काढावा लागतो. ती पायरी मुलांनी निदान एकदा स्वतः करावी.

२२ जुलै

एका मुलाचे मामा डबलबारीच्या भजनाला पखवाज धरतात. ते शाळेत आले होते, त्यांना तासाला बसवून घेतलं. मी दादरा आणि ६/८ एकाखाली एक मांडले होते:

धा धिं ना | धा तिं ना

सहा मात्रा, तीन-तीनाचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर खाली. एक मात्रा म्हणजे एक क्वेव्हर धरला की एक आवर्तन ६/८ च्या एका बारात नेमकं बसतं आणि कोळंबीचे दोन पाय समेवर आणि खालीवर पडतात. मुलांना हा आधार मोठा आहे.

पण मामांनी लगेच विचारलं, "खाली त्या कागदावर कुठे दिसते?" प्रश्न रास्त होता, कारण ती कुठेच दिसत नाही. ६/८ चा दुसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका असतो एवढंच तिकडे धरतात. दादऱ्यात खालीला धा नंतरच्या तिं मुळे, डग्ग्याची घुमार गेल्यामुळे, स्वतःचा वेगळा आवाज येतो. गाणारा त्यावरून आपण आवर्तनात कुठे आहोत ते ओळखतो. टाइम सिग्नेचर फक्त गड्ड्या सांगते, ठेका सांगत नाही. म्हणून पत्रिकेत "दादरा म्हणजे ६/८" असं लिहिणार नाही. "दादऱ्याच्या मात्रा ६/८ मध्ये लिहिता येतात" असं लिहितोय. मात्रेला क्रॉचेट धरलं तर तेच आवर्तन ३/४ च्या दोन बारांत जातं, आणि तेही चालतं. किती जलद म्हणायचं आहे त्यावर लिहिणारा ठरवतो.

मामांनी जाता जाता रूपक टाकला, सात मात्रा, ३-२-२. त्यावरून एक जादा प्रश्न सुचला: कोळंबी काजू काजू. मुलांनी ७/८ न शिकवता लिहिला. तो पत्रिकेच्या तळाला, ज्यांना करायचा त्यांच्यासाठी.

४ ऑगस्ट

स्केलचा भाग. हा मुद्दाम लहान ठेवलाय.

मुलांना सारेगम पेटीवर येतं आणि सा कुठूनही घेता येतो हे ठाऊक आहे. मेजर स्केल म्हणजे सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाट. अंतरं पट्ट्यांत मोजून दिली, काळी पट्टी न वगळता: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. एकची जागा ग-म मध्ये आणि नी-सां मध्ये. पांढरी एक पासून निघालं की सगळ्या पांढऱ्याच लागतात.

उदाहरणाला आधी पांढरी दोन घेणार होतो. त्यात काळी तीन आणि काळी एक लागतात. पण दमट हवेत लाकूड फुगतं आणि शाळेच्या पेटीची काळी तीन दाबली की वर येत नाही. म्हणून पांढरी चार घेतली, म्हणजे एफ. हे उदाहरण शिकवायला जास्त चांगलं निघालं.

मुलांना सांगितलं, पांढरी चार ला सा धरा आणि फक्त पांढऱ्या वाजवा. चौथा स्वर आला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा यमन झाला!" बरोबर ओळखलं. तीव्र मध्यम लागला, कल्याण थाट झाला. शुद्ध मध्यम हवा तर मोजा: ग आहे पांढरी सहावर, पुढचं अंतर एक, म्हणजे काळी पाच. तिथून पुढे पांढरी एक, दोन, तीन आणि वरचा सा पांढरी चार.

आता काळी पाच लिहायची कशी? पेटीवर ती एकच पट्टी आहे. तिला ए शार्प म्हणता येतं, बी फ्लॅटही म्हणता येतं. ए शार्प लिहिलं तर स्टाफवर एच्या घरात दोन स्वर येतात आणि बीची मधली ओळ रिकामी राहते. वाचणाऱ्याला सात पायऱ्या सात जागी दिसायला हव्यात, म्हणून बी फ्लॅट. कानाला फरक शून्य आहे, पण वाचणाऱ्याला तो मोठा आहे. मुलांनी लगेच काजू-कोळंबीशी नातं जोडलं: तिथे लांबी तीच आणि गड्डी वेगळी, इथे पट्टी तीच आणि नाव वेगळं. त्यांचंच वाक्य आहे, पत्रिकेत उत्तराच्या जागी त्यांनीच लिहावं.

१२ ऑगस्ट

दुसऱ्या तुकडीला सुधारलेली प्रत दिली. ६/८ चं ३/४ करणारे आता अगदी थोडे उरले, आणि त्यांनाही काजू-कोळंबी म्हणायला लावल्यावर स्वतःच खोडून लिहिता आलं.

नवीन अडचण बार भरण्याच्या प्रश्नात आली. "६/८ चा एक बार भरा" एवढंच विचारलं होतं. बऱ्याच जणांनी तीन क्रॉचेट काढले. बेरीज सहा क्वेव्हर, बरोबर. पण दुसरा क्रॉचेट तिसऱ्या क्वेव्हरवर सुरू होतो आणि चौथ्यावरून पुढे जातो. ६/८ चा दुसरा ठोका चौथ्या क्वेव्हरवर आहे, आणि तो त्या क्रॉचेटच्या पोटात गडप होतो. वाचणाऱ्याला तो बार ३/४ चाच वाटणार.

नेमका हाच आवाज हवा असेल तर लिहायची रीत अशी: क्रॉचेट, मग क्वेव्हर आणि क्वेव्हर टायने, म्हणजे दोन स्वरांचा एकच लांब स्वर करणाऱ्या कमानीने, जोडलेले, मग क्रॉचेट. ऐकायला तेच तीन समान स्वर, पण टायच्या दुसऱ्या टोकाला ठोका कागदावर दिसत राहतो. हे सगळ्यांना फळ्यावर क्वेव्हरांच्या सहा घरांत मांडून दाखवलं. घरं १-२ मध्ये पहिला स्वर, ३-४ मध्ये दुसरा, ५-६ मध्ये तिसरा. तीन आणि चारच्या मध्ये लाल खडूने उभी रेघ. दुसरा स्वर त्या रेघेवर आडवा पडलेला स्पष्ट दिसतो.

यावरून तपासणीची पद्धत बदलली. बारच्या प्रश्नाला दोन गुण, एक बेरजेचा आणि एक गड्डीचा. बेरीज बरोबर असलेल्या मुलाचा पूर्ण प्रश्न कापणं अन्यायाचं होतं, आणि पूर्ण गुण दिले तर ६/८ शिकवलंच नाही असं होतं. प्रश्नाखाली सहा रिकामी घरं आणि मधली रेघ आता छापूनच देतोय.

१९ ऑगस्ट

अंतिम प्रत झेरॉक्सला दिली. पहिलं पान: किमती, टिंबाचा क्रॉचेट, ऑर्फच्या रीतीच्या टाइम सिग्नेचर, काजू-कोळंबी. दुसरं पान: आकड्यांतल्या ३/४ आणि ६/८, भागाकाराचा प्रश्न, बार भरणे, पांढरी चार पासूनचं स्केल, तळाला रूपक.

झेरॉक्सच्या फिकट प्रतीत टिंबाच्या क्रॉचेटचं टिंब नाहीसं होतं आणि प्रश्नच बदलतो. नमुना प्रतीत दोन ठिकाणी तसं झालं, म्हणून लिलीपाँडमध्ये स्वरांचा आकार वाढवून घेतला आणि शाई गडद ठेवायला सांगितली. उत्तरपत्रिकेत शिक्षकांसाठी वरती एकच सूचना आहे: कागद तपासण्याआधी मुलाकडून तो बार पाय आपटून म्हणवून घ्यावा. हातून चुकलेलं पण पायातून बरोबर आलेलं मूल लेखनात अडलंय, त्याला मांडणी दाखवली की पुरतं. पायातूनच चुकलं तर पहिल्या पानावर परत जावं.

गणपतीच्या सुट्टीआधी दोन्ही तुकड्यांना वाटायची. सुट्टीत घरी करायला एकच काम दिलंय: आरतीला टाळ वाजवताना गड्डी दोनाची की तीनाची ते बघायचं आणि वहीत फक्त तेवढा आकडा लिहून आणायचा. भजनी ठेक्यातल्या आठ मात्रांचं काय करायचं, असं दोघांनी आत्ताच विचारलंय. ते सुट्टीनंतर, ४/४ बरोबर.